नवरदेवाच्या फोटोला फेटा : केसांची कड आणि कपाळावरची सावली



लगीनसराई जवळ आली की फोटो-झेरॉक्सचं काम करणाऱ्या आपल्या गटांकडे एक मागणी हमखास येते. "ताई, पोराचा फोटो हाय, पण डोक्यावर काहीच नाही. पत्रिकेवर आणि बॅनरवर फेटा पाहिजे." पोरगा पुण्याला कंपनीत असतो नाहीतर फौजेत ड्युटीवर. तो हळदीच्या आदल्या दिवशी येणार आणि पत्रिका तर महिनाभर आधी वाटायची. म्हणजे फेटा बांधून नवा फोटो काढायला वेळ नाही. आहे त्या फोटोवरच फेटा चढवून द्यावा लागतो.

फेटा चढवणं अवघड नाही. फेट्याचं चित्र घ्यायचं, कापायचं, डोक्यावर ठेवायचं. हे चार दिवसांत कुणालाही जमतं. तरी बरेच बॅनर बघितले की लांबूनच कळतं, फेटा वरून चिकटवलाय. असा बॅनर चौकात लागला की लोक हसतात, घरचे नाराज होतात, आणि पुन्हा छापायचा खर्च गटाच्या माथी बसतो. चूक मात्र बहुतेक वेळा फेट्यात नसते. फेट्याच्या खालच्या कडेपासून भुवयांपर्यंत जी दोन-तीन बोटांची पट्टी दिसते, चूक तिथं असते. फेटा खरा वाटायचा तर त्या पट्टीत दोन गोष्टी पाहिजेत. केस फेट्याखाली दबलेले दिसले पाहिजेत, आणि फेट्याची सावली कपाळावर पडली पाहिजे. आजचा पाठ या दोन गोष्टींचा आहे.

आपण GIMP हा प्रोग्रॅम वापरू. तो फुकट मिळतो, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. पडद्यावर नावं इंग्रजीत दिसतात, म्हणून ती इथं तशीच दिली आहेत. दुसरा कुठला प्रोग्रॅम वापरत असाल तरी क्रम हाच राहील. एक आधीच सांगते, या पाठात डावं-उजवं म्हणजे फोटोकडे बघताना आपलं डावं-उजवं, नवरदेवाचं नव्हे.

आधी उजेड बघा, मग फेटा निवडा

फोटो उघडला की लगेच फेटा शोधायला जाऊ नका. आधी नवरदेवाचं नाक बघा. नाकाची सावली कोणत्या बाजूला पडली आहे? ती उजव्या गालाकडे असेल तर उजेड डावीकडून आला. सावली नाकाखाली सरळ ओठाकडे उतरली असेल तर उजेड वरून, म्हणजे ऊन डोक्यावर आलेलं. सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी असेल तर ऊन कडक होतं. कड विरघळत गेली असेल तर ढगाळ वातावरण असेल किंवा फोटो ओसरीत, मांडवात काढलेला असेल. आणि नाकाला सावलीच नसेल, चेहरा सपाट पांढरट आणि कपाळ चमकत असेल, तर मोबाईलचा फ्लॅश समोरून मारलेला आहे.

ही नाकाची सावली म्हणजे आपली मोजपट्टी. फेट्याची कपाळावरची सावली त्याच दिशेला आणि तितकीच कडक किंवा मऊ असली पाहिजे. आणि फेट्याच्या चित्रावरचा उजेडही त्याच बाजूचा हवा. फेट्याच्या घड्या बघा. प्रत्येक घडीची एक बाजू उजळ आणि दुसरी काळसर असते. नवरदेवाच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि घड्यांवर उजवीकडून असेल, तर पुढं कितीही कष्ट करा, फेटा बसत नाही.

म्हणून गटानं स्वतःचे फेट्याचे फोटो काढून ठेवलेले बरे. नेटवरून उचललेला फोटो दुसऱ्या फोटोग्राफरचा असतो, तो धंद्यात वापरणं बरोबर नाही, आणि बहुतेक वेळा तो लहानही असतो. घरातल्या कुणाला तरी नीट फेटा बांधा. नुसत्या खांबावर किंवा मडक्यावर नको, माणसाच्याच डोक्यावर बांधा, म्हणजे कपाळावरची वळण खरी येते. त्याला दारापाशी उभं करा. एक फोटो उजेड डावीकडून घ्या, एक उजवीकडून आणि एक समोरून सावलीत. मोबाईल त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. मागं राखाडी किंवा मातकट भिंत असू द्या. पांढऱ्या भिंतीपुढं काढला तर कापल्यावर फेट्याच्या कडेला पांढरी रेघ राहते. भगवा, लाल, गुलाबी असे तीन रंग आणि प्रत्येकाचे तीन उजेड, असे नऊ फोटो सीझनभर पुरतात.

आडवा उलटा करून, म्हणजे आरशासारखा फिरवून, उजेड जुळवता येतो. पण मग तुरा आणि मागचा शेमलाही दुसऱ्या बाजूला जातो. तुरा कुठल्या बाजूला हवा हे काही घरं काटेकोरपणे पाळतात. म्हणून फिरवण्याआधी घरच्यांना विचारा. फेटा कोल्हापुरी हवा की पगडी हवी, रंग कोणता, हेही तेव्हाच विचारून घ्या.

एक उदाहरण घेऊ

समजा आपल्याकडे आलेला फोटो अंगणात सकाळी काढलेला आहे. रुंदी १२०० पिक्सेल, उंची १६०० पिक्सेल. नवरदेव समोर बघतोय. नाकाची सावली उजव्या गालावर थोडी खाली उतरली आहे, कड जरा मऊ आहे. म्हणजे उजेड डावीकडून, थोडा वरून, आणि ऊन कोवळं. पोरानं केस पुढून फुगवून वर उभे केले आहेत, कानाजवळ मात्र बारीक कापलेले आहेत. अशी केसांची ठेवण हल्ली बहुतेक पोरांची असते, आणि तिथंच आपली परीक्षा असते.

आपल्या साठ्यातला भगवा फेटा घेतला, डावीकडून उजेड असलेला. File मधून आधी नवरदेवाचा फोटो Open करा. मग File मधल्या Open as Layers नं फेट्याचा फोटो त्याच्यावर घ्या. आता दोन थर झाले, खाली नवरदेव आणि वर फेटा.

फेटा कापायला Paths हे हत्यार घ्या. फेट्याच्या कडेनं टिंब देत जा आणि शेवटचं टिंब पहिल्याला जोडायला Ctrl दाबून पहिल्या टिंबावर क्लिक करा. मग Enter दाबला की निवड होते. खालची कड कापताना घाई करू नका. जिथं कापड संपून माणसाचं कपाळ सुरू होतं, बरोबर तिथून जा. त्या माणसाच्या कपाळाची किंवा केसांची एक रेघ जरी सोबत आली, तरी ती नव्या कपाळावर दुसऱ्याच रंगाची पट्टी म्हणून उठून दिसते. म्हणून निवड झाल्यावर Select मधल्या Shrink नं ती १ पिक्सेल आत घ्या आणि Feather नं १ पिक्सेल मऊ करा. मग Layer, Mask, Add Layer Mask, आणि त्यात Selection निवडून Add करा, आणि Select मधल्या None नं निवड काढून टाका. बाकीचा फोटो पुसला जात नाही, नुसता झाकला जातो. चुकलं तर परत उघडता येतं.

फेटा कुठं आणि किती मोठा

फेट्याच्या थराची Opacity ६० वर आणा, म्हणजे खालचं डोकं दिसतं. आता मापं घ्या. फेट्याच्या मूळ फोटोतल्या माणसाच्या दोन्ही कानशिलांमधलं अंतर समजा ६०० पिक्सेल आहे आणि आपल्या नवरदेवाचं ४२० पिक्सेल. ४२० ला ६०० नं भागलं की ०.७ येतात. म्हणजे फेटा Scale नं ७० टक्के करायचा. हा हिशेब केला तर अंदाजानं मागं-पुढं करत बसावं लागत नाही. लक्षात ठेवा, मोठा फेटा लहान करायला हरकत नाही, पण लहान फेटा ताणून मोठा केला की कापड धुरकट होतं आणि चेहरा स्पष्ट राहतो. ती तफावत बॅनरवर लगेच कळते.

फेट्याची खालची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर येऊ द्या. कपाळ थोडं तरी दिसलं पाहिजे, कारण सावली तिथंच पडायची आहे. बाजूंना कड कानाच्या वरच्या टोकाला टेकते. मान जितकी कललेली असेल तितका फेटाही कलवा. दोन डोळ्यांच्या बाहुल्या जोडणारी रेघ मनात धरा आणि फेटा त्या रेघेला धरून फिरवा.

कडेचं वळणही तपासा. मोबाईल खाली धरून फोटो काढला असेल तर कपाळावरची कड मध्ये वर उचललेली, कमानीसारखी दिसते. वरून काढला असेल, जसा सेल्फीत येतो, तर कड मध्ये खाली झुकते. फेटा आणि चेहरा वेगवेगळ्या उंचीवरून काढलेले असतील आणि फरक थोडा असेल, तर Warp Transform नं कडेचा मधला भाग हळूच वर किंवा खाली ढकला. फरक जास्त असेल तर फेटा बदला. ताणून ताणून घड्या वाकड्या करू नका.

केसांची कड

Opacity परत १०० करा. आता आपल्या उदाहरणातल्या पोराचे फुगवलेले केस फेट्याच्या वरून नाही, पण दोन्ही बाजूंनी थोडे बाहेर डोकावतात. खरा फेटा बांधला असता तर हे केस आत दबले असते. म्हणून ते काढायचे.

नवरदेवाच्या थरावर जाऊन Layer मधलं Duplicate Layer करा आणि काम या नकलेवर करा, मूळ फोटो खाली शाबूत राहू द्या. Clone हत्यार घ्या. Ctrl दाबून शेजारच्या पार्श्वभूमीवर क्लिक करा आणि डोकावणाऱ्या केसांवर हळूहळू ती पार्श्वभूमी चढवा. ब्रश मऊ कडेचा घ्या. मागं झाड-पानं असतील तर काम सोपं होतं. मागं विटांची भिंत किंवा दाराची चौकट असेल तर रेघा जुळवाव्या लागतात. मग जिथून उचलायचं ती जागा वारंवार बदला, नाहीतर एकच वीट पाच वेळा दिसते.

आता फेट्याच्या खाली राहणारे केस. हे पुसायचे नाहीत, उलट हेच आपले साक्षीदार आहेत. कानशिलावर फेट्याची कड आणि कल्ले यांच्या मध्ये नुसती कातडी दिसली तर फेटा टोपीसारखा वर अधांतरी वाटतो. आपल्या पोराचे केस कानाजवळ बारीक आहेत, त्यामुळं डाव्या बाजूला असं कातडीचं एक रिकामं बोट दिसतंय. दोन उपाय आहेत. पहिला, फेटा त्या बाजूला चार-पाच पिक्सेल खाली घ्या, म्हणजे तो केसांवर टेकतो. हा उपाय पुरला तर तिथंच थांबा. दुसरा, नवा रिकामा थर घेऊन चार-सहा केस काढा. तो थर फेट्याच्या खाली आणि चेहऱ्याच्या वर हवा. ब्रश २ पिक्सेलचा. रंग Color Picker नं त्याच्याच कल्ल्यांमधून उचला. नुसता काळा घेऊ नका, कारण उजेडात काळे केसही तपकिरी दिसतात. रेघ फेट्याच्या आतून सुरू करून खाली कल्ल्याच्या दिशेनं ओढा. सगळ्या रेघा सारख्या लांबीच्या नकोत, एक लांब, एक आखूड, एक जरा तिरकी. दाट काढल्या तर शाईनं रंगवल्यासारखं होतं.

कपाळावर पुढं आलेली बट असेल तर तिचा निर्णय घ्या. फेट्याखालून एखादी बट बाहेर आलेली खरी वाटते. पण बट फेट्याच्या कडेपाशी एकदम तुटलेली दिसत असेल तर ती काढून टाका. शेजारच्या कपाळाची कातडी Clone नं घ्या, फार लांबची नको, कारण कपाळाचा रंग मध्ये उजळ आणि बाजूला गडद असतो.

कपाळावरची सावली

इथं बहुतेक जणी फेट्याला तयार मिळणारी सावली देऊन मोकळ्या होतात. ती सावली फेट्याच्या चारी बाजूंना सारखी पडते, अगदी मागच्या आभाळावरसुद्धा. आभाळावर फेट्याची सावली कशी पडेल? म्हणून सावली हातानं करा. आणि एक नाही, दोन करा.

पहिली सावली टेकणीची. कापड कातडीला जिथं टेकतं तिथं उजेड अजिबात शिरत नाही, म्हणून कडेला लागून बारीक गडद रेघ असते. बोट टेबलावर टेकवून बघा, बोटाखाली ही रेघ दिसेल. दुसरी सावली पडणीची. फेट्याच्या जाडीमुळं उजेड अडतो आणि कपाळावर रुंद, फिकट सावली उतरते. टेकणीची रेघ नसेल तर फेटा तरंगतो. पडणीची सावली नसेल तर फेटा कागदासारखा सपाट वाटतो.

दोन्हींसाठी वेगवेगळे रिकामे थर घ्या. ते फेट्याच्या खाली आणि केसांच्या थराच्या वर हवेत. दोन्हींचं Mode बदलून Multiply करा. असं केलं की खालची कातडी, टिळा, केस सगळं दिसत राहतं, फक्त गडद होतं. कुंकवाचा टिळा लावलेला असेल तर त्याच्यावरूनही सावली आपोआप जाते.

रंग काळा घेऊ नका. काळ्यानं कपाळ मळल्यासारखं, राखाडी दिसतं. नवरदेवाच्या हनुवटीखाली गळ्यावर सावली असते. तिथून Color Picker नं रंग उचला. तो त्याच्याच कातडीचा सावलीतला रंग असतो, तपकिरी-तांबूस. गोऱ्या पोराचा वेगळा निघतो, सावळ्याचा वेगळा. म्हणून आधीच्या कामातला रंग पुढच्याला वापरू नका.

आपल्या उदाहरणात फेट्याची कड ते भुवया हे अंतर ८० पिक्सेल आहे. पडणीची सावली या अंतराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी, म्हणजे २५ पिक्सेलपर्यंत उतरू द्या. उजेड डावीकडून आहे, म्हणून डाव्या बाजूला ती बारीक, १२-१५ पिक्सेल, आणि उजव्या कानशिलाकडं रुंद होत जाईल. मऊ ब्रशनं रंगवा, रंग फेट्याच्या आतपर्यंत गेला तरी चालतो, तो फेट्याखाली झाकलाच जातो. मग Filters, Blur, Gaussian Blur मध्ये दोन्ही आकडे १० ठेवा. थराची Opacity ४५ च्या आसपास आणा. कडक उन्हाचा फोटो असता तर धूसरपणा ३-४ वरच ठेवला असता आणि Opacity जास्त. ढगाळ असता तर धूसरपणा २० पर्यंत आणि Opacity ३० च्या आत.

टेकणीची रेघ ६ पिक्सेलच्या ब्रशनं कडेला लागून ओढा, धूसरपणा २ किंवा ३, Opacity ६० ते ७०. ही रेघ सगळीकडे सारखी नको. जिथं फेट्याची घडी कपाळाला घट्ट बसली आहे तिथं बारीक, जिथं कापड किंचित उचललेलं आहे तिथं थोडी रुंद.

दोन्ही सावल्या झाल्या की Eraser घ्या. चेहऱ्याच्या बाहेर, पार्श्वभूमीवर जे सांडलं असेल ते पुसा. कानाच्या वरच्या टोकावर थोडी सावली राहू द्या, कारण फेटा तिथंही टेकतो.

एक अडचण नेहमी येते. मूळ फोटोत कपाळावर तेलकट चकाकी असते, आणि ती बरोबर फेट्याच्या कडेखाली येते. सावलीत चकाकी राहत नाही. वरून सावली रंगवली तरी तो पांढरा डाग मातकट होऊन उरतो. म्हणून सावली करण्याआधी चेहऱ्याच्या नकलेवर Clone ची Opacity ४० ठेवून शेजारची कातडी त्या चकाकीवर फिरवा. पूर्ण पुसू नका. सावलीच्या खाली, भुवयांच्या बाजूला थोडी चकाकी राहिली तर कपाळ खरं वाटतं.

मुंडावळ्या आधीपासून फोटोत असतील तर त्या फेट्याच्या वर यायला हव्यात. मुंडावळ्यांचा भाग Paths नं निवडून वेगळा थर करा आणि सगळ्यांत वर ठेवा. त्यांनाही कपाळावर बारीक टेकणीची रेघ लागते.

रंग आणि स्पष्टपणा जुळवा

फेटा ओसरीत काढलेला आणि नवरदेव सकाळच्या कोवळ्या उन्हात, मग फेट्याचा रंग जरा निळसर थंड दिसतो. Colors मधल्या Color Temperature नं तो थोडा उबदार करा. त्याआधी थरांच्या यादीत फेट्याच्या चित्रावर क्लिक केलंय ना, ते बघा. शेजारच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर, म्हणजे मास्कवर क्लिक राहिलं तर रंग बदलायच्या ऐवजी फेट्याची कडच बिघडते. चेहरा किंचित धूसर असेल तर फेट्यालाही Gaussian Blur ०.५ ते १ द्या. चेहऱ्यापेक्षा फेटा जास्त स्पष्ट असणं हे चिकटवल्याचं मोठं लक्षण आहे.

झालं की नाही, कसं ओळखायचं

फोटो पडद्यावर लहान करा, बोटाच्या नखाएवढा. आधी नजर कुठं जाते? फेट्याच्या कडेवर गेली तर कड अजून जुळली नाही. डोळ्यांवर गेली तर ठीक. मग फोटो Image, Transform, Flip Horizontally नं आरशासारखा उलटा करून बघा. सवयीनं न दिसलेला तिरकेपणा लगेच दिसतो. बघून झालं की Ctrl आणि Z नं परत घ्या. शेवटी १ चा आकडा दाबून फोटो खऱ्या मापात आणा आणि कपाळावरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. बॅनर मोठा छापतात, म्हणून इथली लहान चूक तिथं हाताएवढी होते.

काम साठवताना एक फाईल XCF म्हणून ठेवा, त्यात सगळे थर राहतात. ग्राहकानं "सावली जरा कमी करा" म्हटलं तर पाच मिनिटांत होतं. छपाईसाठी Export As करून JPG द्या. व्हॉट्सॲपनं पाठवायचं तर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जाऊन बारीक होतो. Document म्हणून पाठवा. ग्राहकाकडूनही फोटो तसाच मागवा.

कुठल्या फोटोला नाही म्हणायचं

काही फोटोंवर हे काम नीट होत नाही, आणि ते आधीच सांगितलेलं बरं. डोक्याचा वरचा भाग फोटोत कापलेला असेल, डोक्यावर आधीच टोपी असेल, चेहरा अर्धा वळलेला असून आपल्याकडे तशा कोनाचा फेटा नसेल, किंवा समोरून फ्लॅश मारलेला असून आपले सगळे फेटे बाजूच्या उजेडाचे असतील, तर दुसरा फोटो मागा. पोराला सांगा, सकाळी दहाच्या आत सावलीत उभं राहून, कुणाकडून तरी डोळ्यांच्या उंचीवरून काढून घे. दोन मिनिटांचं काम असतं. पगडी मागितली तर तिचे फोटो वेगळेच लागतात. पुणेरी पगडी शिवलेली, कडक असते. तिच्या कडेची सावलीही फेट्यासारखी घडीघडीनं बदलत नाही, सलग पडते. फेट्यासाठी केलेली सावली पगडीला चालत नाही.

आणि फोटो नवरदेवाचा आहे, म्हणून छापायच्या आधी तो त्याला स्वतःला दाखवा. नुसत्या काकांच्या किंवा भावाच्या होकारावर छपाईला देऊ नका. त्यानं "चालेल ताई" असं लिहून पाठवलं की तो मेसेज जपून ठेवा, मग फाईल पुढं द्या.

करून बघण्यासाठी : गटातल्या कुणाच्या तरी मुलाचे तीन फोटो घ्या, एक दुपारच्या उन्हात, एक ओसरीत, एक फ्लॅशनं. तिन्हींवर एकच फेटा चढवा. तिन्ही सावल्या वेगळ्या झाल्या पाहिजेत. प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीत तिन्ही शेजारी ठेवून बघू, आणि कुणाची कुठं अडचण आली ते तिथंच सोडवू.